नाव खोडल्यावर

सकाळी ९. इन्सिडेंट रिपोर्टची फाइल उघडते. चौकशी संपली आहे. ती संपण्याआधी हॉस्पिटलच्या बुलेटिनसाठी मी काही उचलत नाही. रात्री ग्लारजिन इन्सुलिन १६ युनिट द्यायचं होतं, गेलं ४०. पहाटे साखर ५२. शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर रुग्ण सावरला, पण हे इन्सुलिन दिवसभर काम करत राहतं, म्हणून नंतरही साखर तपासत राहावं लागलं.

१०. फार्मसीत दोन्ही व्हायली शेजारी ठेवून बघते. वॉर्डातली नेहमीची, एका मिलीत ४० युनिटची. तिची सिरिंज लाल टोपणाची. रुग्णाने घरून आणलेली १०० युनिटची. तिला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. लाल टोपणाच्या सिरिंजवर १६ची रेघ म्हणजे ०.४ मिली. तेवढंच १०० वाल्या व्हायलीतून ओढलं की ४० युनिट, अडीचपट. दुसऱ्या सिस्टरने पडताळणी केली होती. पण तिनेही रेघच पाहिली, आणि रेघ बरोबरच होती.

११.३०. आता खोडाखोड. नावं आधी जातात, ते सोपं. ओळख पटते ती बाकीच्या तपशिलांवरून: ‘गौरी विसर्जनाची रात्र’, ‘बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या सिस्टर’, बेड नंबर. हे काढूनही चूक कशी घडली ते समजतं, मग काढलं. घरची व्हायल काढली तर गोष्टच उरत नाही, ती राहते. ‘निष्काळजीपणे’ हा शब्दही गेला. बाईचा पुरुष, रात्रीचा दिवस असले बदल मात्र मी करत नाही. वगळायचं, रचायचं नाही.

२. संबंधित सिस्टरना मसुदा दाखवते. “मॅडम, आमच्या वॉर्डात तरी सगळ्यांना कळणारच.” खरं आहे, आणि तसं वचन मी देतही नाही. मग त्या सांगतात की दोन्ही सिरिंजा ड्रॉवरच्या एकाच खान्यात असतात. रिपोर्टात याचा उल्लेखच नव्हता. परवानगी घेऊन ते वाक्य घालते.

३.३०. दुसऱ्या मजल्यावरच्या इनचार्जना वाचायला देऊन विचारते, वॉर्ड कुठला असेल? लगेच ओळखतात. ‘डायलिसिसनंतर’ हा एक शब्द राहून गेला होता. तो काढते.

४.३०. रिपोर्टाचा शेवट ‘स्टाफला काळजी घेण्याची सूचना दिली’ असा आहे. काळजी ते घेतच होते! त्याऐवजी लिहिते: व्हायलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा मोठ्याने वाचा, मग सिरिंजवरचा, दोन्ही जुळले तरच औषध ओढा. घरून आलेलं इन्सुलिन त्याच्याच सिरिंजसह वेगळ्या पाकिटात ठेवावं, हे फार्मसीने अजून मान्य केलेलं नाही, म्हणून ते छापायचं नाही.

५. मांडणी करणाऱ्याला त्या ड्रॉवरचा फोटो हवा आहे. नाही म्हणते; त्यावर वॉर्डाचं स्टिकर आहे. स्टोअरमधून दोन कोऱ्या सिरिंजा मागवल्या आहेत, उद्या त्यांचा काढू.