‘हस्ताक्षर सुधारावे’ म्हणजे सही बदला नव्हे! प्रगतीपत्रकावरचा शेरा हिंदीत समजावून सांगताना

कुपवाड आणि मिरजेची एमआयडीसी, साताऱ्याची औद्योगिक वसाहत, शिरवळ-खंडाळ्याचे कारखाने, या सगळ्या भागात बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं आता नवीन राहिलेली नाहीत. त्यांची पोरं आसपासच्या मराठी शाळेत जातात आणि बघता बघता आपल्या पोरांसारखी मराठी बोलायला लागतात. आईबापांचं मात्र अडतं. दिवाळीच्या सुमारास पहिल्या सत्राचं आणि वर्षाच्या शेवटी वार्षिक प्रगतीपत्रक हातात पडलं की बाप ते खोलीमालकाकडे नाहीतर शेजाऱ्याकडे घेऊन येतो. “भैया, जरा देखिए, इसमें क्या लिखा है?” हे विचारलं जातं तेव्हा भाषांतर करणारे तुम्ही-आम्हीच असतो.

काम सोपं वाटतं, कारण आपल्या सगळ्यांना सिनेमातली का होईना, हिंदी येते. गोम वेगळीच आहे. मराठी आणि हिंदीची लिपी एकच. कार्ड कन्नडमध्ये असतं तर बापाने एक अक्षर कळत नाही म्हणून विचारलं असतं. इथं त्याला अक्षरं वाचता येतात, शब्दही ओळखीचे दिसतात, त्यामुळे तो न विचारताच अर्थ लावून मोकळा होतो.

सूचनेच्या कागदापासूनच सुरुवात होते. ‘निकाल दिला जाईल’ असं आपण सहज लिहितो. हिंदीत ‘निकाल दिया जाएगा’ म्हणजे हाकलून देणार. हिंदीत निकालाला ‘रिज़ल्ट’ म्हणायचं, वाद नको. ‘पालकांनी भेटावे’ यातला पालक हिंदी घरात भाजी म्हणून ओळखीचा, आईबापाला ते ‘माता-पिता’ किंवा ‘अभिभावक’ म्हणतात. आणि ‘दाखला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळा सोडल्याचा कागद येतो, त्यांचा ‘दाख़िला’ मात्र शाळेतला प्रवेश असतो. म्हणजे आपण म्हणतोय पोराचा दाखला घेऊन जा, आणि त्याला वाटतंय पोराला कुठेतरी प्रवेश मिळाला. याला हिंदीत सरळ ‘टी.सी.’ म्हणावं.

आता प्रत्यक्ष शेऱ्यांकडे येऊ. आपल्या राज्यात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून श्रेणीबरोबर शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. त्या साधारण तीन रकान्यांत असतात: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. पहिल्या दोन रकान्यांचं भाषांतर चुकलं तरी फारसं बिघडत नाही. तिसरा रकाना जपून हाताळावा लागतो, कारण तो ऐकल्यावर संध्याकाळी घरी काय होईल ते आपल्या शब्दांवर ठरतं.

नमुना म्हणून चौथीतल्या एका मुलाचं कार्ड घेऊ. विशेष प्रगतीत लिहिलंय, ‘तोंडी हिशेब पटकन करतो.’ सुधारणा आवश्यकमध्ये, ‘हस्ताक्षर सुधारावे. वाचताना अडखळतो. इतरांची चेष्टा करतो. अभ्यासात सातत्य नाही. घरी शिक्षा न करता समजावून सांगावे.’ शाळेत नेहमी दिसणारेच शेरे आहेत.

पहिला शेरा हस्ताक्षराचा. हिंदीत ‘हस्ताक्षर’ म्हणजे सही. जसंच्या तसं वाचलं तर बापाला वाटणार की मागच्या वेळी आपण केलेली सहीच चुकली. आणि आपण म्हणतो ती ‘सही’ हिंदीत ‘बरोबर’ या अर्थाने चालते, म्हणजे घोटाळा दोन्ही बाजूंनी. अक्षराला हिंदीत ‘लिखावट’ म्हणतात. मग वाक्य होतं, ‘लिखावट और साफ़ हो सकती है.’ यात अक्षर अजून सुधारायचं आहे हे आलं, पण पोरगा गबाळा आहे असं कुठं म्हटलं नाही. ‘लिखावट ख़राब है’ असं म्हणणाऱ्याने शेऱ्यात नसलेला दोष वाढवला. शिक्षकांनी ‘सुधारावे’ लिहिलंय, ‘खराब’ लिहिलेलं नाही.

दुसरा शेरा जास्त जोखमीचा. ‘अडखळतो’ला पटकन ‘हकलाता है’ म्हटलं जातं. हकलाना म्हणजे तोतरं बोलणं. आई ते ऐकून डॉक्टर शोधायला निघेल. ‘अटकता है’ हा बरोबरचा शब्द, पण तेवढ्यावर भागत नाही. हिंदीत ‘पढ़ना’ म्हणजे वाचणंही आणि शिकणंही. ‘पढ़ने में अटकता है’ ऐकल्यावर पोरगा शिक्षणातच मागे आहे असा समज होऊ शकतो. म्हणून काय वाचताना ते सांगायचं: ‘मराठी की किताब पढ़ते समय अटकता है.’ घरात भोजपुरी किंवा हिंदी बोलणाऱ्या पोराला मराठी पुस्तक अवघड जाणारच, आणि ही गोष्ट ‘मराठी की’ या दोन शब्दांत आईबापांना कळते. फक्त शेरा मराठी विषयासमोर आहे की गणितातल्या उदाहरणांच्या वाचनाबद्दल, हे कार्डावर एकदा बघून घ्या.

तिसऱ्याची गंमत अशी की ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न. बापाने स्वतः वाचलं तर तो खूश होईल, पोरगा प्रयत्न करतोय म्हणून! खरी तक्रार त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. इथं ‘साथियों को चिढ़ाता है’ म्हणावं. ‘बदमाश है’ म्हणू नये, ‘शरारती है’ही शक्यतो नको. पोरगा काय करतो ते सांगितलं की आईबाप ते थांबवायला बघतात. तो कसा आहे असं सांगितलं की त्याला नाव पडतं, आणि घरात मग त्याच नावाने हाका मारल्या जातात.

‘अभ्यासात सातत्य नाही’ इथं एक साखळी लक्षात ठेवायची. आपला अभ्यास म्हणजे त्यांची ‘पढ़ाई’, आणि आपला सराव म्हणजे त्यांचा ‘अभ्यास’. ‘रोज़ पढ़ाई नहीं करता’ हे अर्थाने बरोबर आहे, पण टोचतं. ‘पढ़ाई रोज़ नहीं हो पाती’ असं म्हटलं की तीच गोष्ट राहते आणि बोट कुणाकडेच जात नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, बापाची रात्रपाळी असताना अभ्यास का होत नाही, हे आईबापांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. हिंदीतलं हे ‘पाना’ क्रियापद मवाळ बोलायला फार कामाचं आहे. मात्र ते सगळीकडे चिकटवू नका. ‘साथियों को चिढ़ाए बिना नहीं रह पाता’ असं म्हटलं तर पोराच्या हातातच काही नाही असा अर्थ निघतो.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात उलटणारं. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘घरी शिक्षा न करता’ यातून ‘घर पर शिक्षा न करें’ असं वाचलं गेलं तर अर्थ होतो की घरी शिकवू नका. शिक्षकांनी ज्या मारापासून पोराला वाचवायला हे वाक्य लिहिलं, तो मार तसाच राहतो. बरोबर वाक्य: ‘घर पर सज़ा न दें, प्यार से समझाइए.’ मराठीत ‘प्यार से’ लिहिलेलं नाही हे खरं. पण समजावून सांगणं म्हणजे दरडावणं नव्हे, एवढाच त्याचा अर्थ आहे, म्हणून हे दोन शब्द मला चालतात.

सगळं जोडलं की चिठ्ठी अशी होते:

“आपका बेटा ज़बानी हिसाब जल्दी कर लेता है. लिखावट और साफ़ हो सकती है. मराठी की किताब पढ़ते समय अटकता है. साथियों को चिढ़ाता है. पढ़ाई रोज़ नहीं हो पाती. घर पर सज़ा न दें, प्यार से समझाइए.”

सहा वाक्यं मराठीत, सहा हिंदीत. मी मुद्दाम ‘लेकिन’ घातलेला नाही. ‘हिसाब अच्छा है, लेकिन...’ म्हटलं की ऐकणारा लेकिनच्या पुढचंच धरतो आणि आधीचं कौतुक वाहून जातं. ‘थोड़ा’, ‘कभी-कभी’, ‘कहीं-कहीं’ हेही घातलेलं नाही. मवाळ बोलायचं म्हणून आपण हे शब्द सहज पेरतो, पण शिक्षकांनी ‘कधी कधी’ लिहिलं नसेल तर प्रमाण कमी करायचा अधिकार आपल्याला नाही. तसंच ‘रोज़ दस लाइन लिखवाइए’ असा सल्ला चिठ्ठीत आपल्या मनाने घालू नका. आईबाप तो बाईंचा किंवा गुरुजींचा हुकूम समजतील. सांगायचाच असेल तर तोंडी, आणि माझं मत म्हणून.

बोलताना ‘आप’ सोडू नका. ‘लक्ष द्यावे’ यात मराठीत विनंती असते. ‘ध्यान दो’ म्हटलं की तो मुकादमाचा सूर होतो. ‘ध्यान दीजिए’ म्हणा. मुलगी असेल तर क्रियापदं बदला, ‘पढ़ती है’, ‘अटकती है’. मराठीत मूल नपुंसकलिंगी ठेवून भागतं, हिंदीला ती सोय नाही.

काही गोष्टी मात्र अजिबात मऊ करायच्या नाहीत. श्रेणी आहे तशी वाचायची. ड म्हणजे ३३ ते ४० टक्के, त्याला ‘ठीक-ठाक है’ म्हणून चालणार नाही. गैरहजेरीचे दिवस आकड्यानेच सांगायचे. ‘बाईस दिन स्कूल नहीं आया’ यात ‘कुछ दिन’ असं म्हणायला जागा नाही, कारण अनेकदा पोरगा घरून निघालेला असतो आणि आईबापांना ती गैरहजेरी कार्डावरूनच कळते. आणि पाचवी-आठवीचं कार्ड असेल तर जास्त जपा. २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाल्यास पुनर्परीक्षा असते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. तिथं सरळ सांगा, ‘दोबारा परीक्षा देनी होगी’, आणि तारीख शाळेतून विचारून द्या. नाहीतर कुटुंब सुट्टीला गावी निघून जातं आणि परीक्षा बुडते.

शब्दांत शंका आली तर आपल्याकडे जाणकार माणसं कमी नाहीत. खानापूर, आटपाडी, खटाव, माण भागातली कितीतरी गलाई कुटुंबं उत्तरेकडच्या शहरांत राहून आलीत. त्यांच्या पोरांची प्रगतीपत्रकं हिंदीत यायची आणि तीच अडचण त्यांनी उलट्या बाजूने काढली आहे. अशा घरातल्या एखाद्या काकूला वाक्य वाचून दाखवा, कुठला शब्द टोचतो ते ती लगेच सांगेल.

चिठ्ठी वेगळ्या कागदावर लिहा, कार्डावर काही खरडू नका, ते शाळेचं कागदपत्र आहे. आईला वाचता येत नसेल तर हीच वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवा, म्हणजे पाळीवरून आल्यावर बापालाही तीच ऐकता येतात. आणि पालकाच्या सहीची जागा दाखवताना हिंदीत ‘यहाँ हस्ताक्षर कीजिए’ म्हणा, तिथं तो शब्द अगदी बरोबर आहे.