पाडव्याला मुद्रांक शुल्क ‘माफ’ होतं म्हणजे काय?

पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे त्या दिवशी पंचांग उघडावं लागत नाही. बिल्डरांनाही हे ठाऊक असतं. पाडवा जवळ आला की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर गुढी, तोरण आणि खाली ठळक अक्षरांत ‘मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क माफ’ अशी जाहिरात येते.

सरकारनं काहीच माफ केलेलं नसतं. शुल्क सरकारजमा होतंच, फक्त ते बिल्डर भरतो. पुण्यात बांधकाम सुरू असलेला ७० लाखांचा फ्लॅट घ्या. खरेदीदार पुरुष असेल तर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ४ लाख ९० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, म्हणजे ५ लाख २० हजार वाचले. जीएसटीचे साडेतीन लाख धरून घर साडेत्र्याहत्तर लाखांना पडलं.

आता हेच ५ लाख २० हजार थेट किमतीतून कमी करून मागा. करारनामा ६४ लाख ८० हजारांचा होईल. शुल्क तुम्ही भरायचं, पण तेही जीएसटीसारखंच कमी रकमेवर लागेल. सगळं मिळून घर सुमारे ७२ लाख ८८ हजारांना, म्हणजे बासष्ट हजारांनी स्वस्त. मात्र करारातली किंमत रेडी रेकनरच्या मूल्याखाली गेली, तर मुद्रांक शुल्क त्या मूल्यावरच लागतं आणि फायदा आटतो.

तरीही ‘माफी’ घेणारा प्रत्येक जण भोळा नसतो. या किमतीच्या घराला बँक शुल्कासाठी कर्ज देत नाही, ती रक्कम खिशातूनच काढावी लागते. ज्याची सगळी पुंजी डाउन पेमेंटमध्ये गेली, त्याला बासष्ट हजार जास्त मोजूनही ही ऑफर सोयीची वाटते, आणि ते बरोबरही आहे.

बिल्डरला ही पद्धत का आवडते? कागदावर दर उतरत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला तोच भाव सांगता येतो आणि आधी घेतलेले भांडायला येत नाहीत.

खरी गोम पाडव्याच्या संध्याकाळी असते. ‘ऑफर आजच्यापुरती’ म्हणत टोकन मागतात. टोकन द्यायला हरकत नाही, पण नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्यानं मनाई आहे. जाहिरातीतला महारेराचा क्यूआर कोड मोबाइलवर उघडून प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख आणि चालू असलेले दावे तिथंच वाचा. करारात वेगळं ठरलं नसेल, तर मुद्रांक शुल्क खरेदीदाराच्याच गळ्यात पडतं. म्हणून ‘शुल्क विकासक भरेल’ हे वाक्य अलॉटमेंट लेटरमध्ये आणि करारनाम्यातही यायला हवं. ‘तुम्ही भरा, नंतर वळतं करू’ असं म्हणाले, तर किती दिवसांत ते विचारा आणि ती तारीखही लिहून घ्या. पाडव्याची जाहिरात कापून फाइलला लावा. तिच्यातल्या खोट्या दाव्यावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते.