निवृत्तीपूर्व अंशकालीन सेवा आणि निवृत्तिवेतनाची आकारणी : अमेरिकी संघराज्य सेवेतील टप्प्याटप्प्याच्या निवृत्तीचा अभ्यास

सारांश : पूर्ण निवृत्तीपूर्वी काही काळ अर्धवेळ काम केल्यास निवृत्तिवेतन किती घटते, हे वेतनाच्या आणि सेवेच्या मोजणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या सेवेतील नियमांच्या आधारे या मोजणीचे विवेचन केले आहे. एका काल्पनिक कर्मचाऱ्याच्या उदाहरणावरून सामान्य अंशकालीन सेवा आणि टप्प्याटप्प्याची निवृत्ती यांतील फरक दाखविला असून, अखेरीस महाराष्ट्रातील निवृत्तिवेतन नियमांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

प्रस्तावना

सेवेच्या अखेरच्या वर्षांत कामाचा भार कमी व्हावा, परंतु सेवा एकाएकी तुटू नये, अशी अनेक कर्मचाऱ्यांची अपेक्षा असते. संस्थेलाही अनुभवी व्यक्तीचे ज्ञान नव्या पिढीकडे जाण्यास अवधी हवा असतो. असे असूनही अर्धवेळ कामाचा पर्याय स्वीकारताना कर्मचारी कचरतो. निवृत्तिवेतन सामान्यतः अखेरच्या किंवा सर्वोच्च वेतनावर ठरते, आणि अर्धवेळ कामाचे वेतन अर्धे असते. तीस वर्षांच्या पूर्णवेळ सेवेचे फळ दोन वर्षांच्या अर्धवेळ कामामुळे कमी होईल काय, हा त्याच्यापुढील खरा प्रश्न असतो.

वेतन व सेवा यांची दुहेरी मोजणी

अमेरिकेतील संघराज्य कर्मचाऱ्यांसाठी दोन निवृत्तिवेतन योजना आहेत. 'सिव्हिल सर्व्हिस रिटायरमेंट सिस्टिम' ही जुनी योजना १९२० साली सुरू झाली, तर 'फेडरल एम्प्लॉईज रिटायरमेंट सिस्टिम' ही नवी योजना १९८७ पासून अमलात आली. दोन्ही योजनांत निवृत्तिवेतन सलग तीन वर्षांच्या सर्वोच्च सरासरी मूळ वेतनावर आणि सेवेच्या वर्षांवर ठरते.

या सूत्रात अंशकालीन सेवेची गणना कशी करावी, यावर फार पूर्वीपासून अडचण होती. १९८६ पूर्वी अंशकालीन सेवेचे वर्ष हे पूर्ण वर्ष धरले जाई आणि सरासरी मात्र प्रत्यक्ष मिळालेल्या वेतनाची काढली जाई. परिणामी, आयुष्यभर अर्धवेळ काम करून अखेरची तीन वर्षे पूर्णवेळ काम करणाऱ्यास पूर्ण निवृत्तिवेतन मिळे. याउलट, आयुष्यभर पूर्णवेळ काम करून अखेरीस अर्धवेळ झालेल्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला कमी झालेले वेतन किंवा अनेक वर्षांपूर्वीचे जुने पूर्णवेळ वेतन हाच आधार येई. एकच नियम एकाला अनाठायी लाभ देत होता आणि दुसऱ्याला अनाठायी दंड करत होता.

७ एप्रिल १९८६ पासून केलेल्या सेवेसाठी हा दोष दूर करण्यात आला. वेतन पूर्णवेळ दराने धरावयाचे आणि सेवेचे प्रमाण प्रत्यक्ष केलेल्या तासांनुसार कमी करावयाचे, असे नवे तत्त्व आले. म्हणजे अर्धवेळ काम करणाऱ्याचे वेतन हिशेबापुरते पूर्ण मानले जाते. कमी होते ते केवळ त्या काळाचे श्रेय. मात्र या तारखेपूर्वीच्या सेवेसाठी प्रत्यक्ष वेतनाचाच आधार कायम राहिला. त्यामुळे जुन्या योजनेतील ज्येष्ठ कर्मचारी अखेरच्या वर्षांत अर्धवेळ होण्याचे टाळीत. ही विसंगती २००९ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या कायद्याने, त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरती, संपुष्टात आणली.

टप्प्याटप्प्याच्या निवृत्तीची रचना

वरील सुधारणेमुळे अंशकालीन सेवेचा दंड गेला, पण कमी झालेल्या वेतनाची भरपाई झाली नाही. ती व्यवस्था २०१२ च्या कायद्याने केली. तिचे नियम २०१४ मध्ये प्रसिद्ध होऊन नोव्हेंबर २०१४ पासून अर्ज स्वीकारले जाऊ लागले. या व्यवस्थेत कर्मचारी अर्धा वेळ काम करतो व अर्धे वेतन घेतो, आणि त्याच वेळी त्या दिवशी देय असलेल्या निवृत्तिवेतनाचा अर्धा भागही घेतो.

पात्रतेसाठी लगतची तीन वर्षे पूर्णवेळ सेवा आवश्यक असते. शिवाय ६० वर्षे वय व २० वर्षे सेवा, अथवा ३० वर्षे सेवा व योजनेने ठरविलेले किमान वय असावे लागते. ज्यांना सक्तीच्या वयोमर्यादेने निवृत्त व्हावे लागते असे पोलीस कामातील अधिकारी, अग्निशामक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांना हा पर्याय नाही. कामाच्या वेळेपैकी किमान २० टक्के भाग सहकाऱ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी द्यावा लागतो. आठवड्यात २० तास काम करणाऱ्यासाठी हा भाग चार तासांचा होतो.

एका उदाहरणाचा हिशेब

नव्या योजनेतील एक काल्पनिक कर्मचारी घेऊ. तिचे वय ६० वर्षे, सेवा ३० वर्षे आणि सर्वोच्च तीन वर्षांचे सरासरी वेतन ९०,००० डॉलर आहे. हिशेब सुलभ व्हावा म्हणून पुढील दोन वर्षांत वेतनाचा दर तोच राहतो असे धरू. या योजनेत प्रत्येक सेवावर्षासाठी सरासरी वेतनाचा १ टक्का मिळतो. वय ६२ आणि सेवा किमान २० वर्षे असल्यास हा दर १.१ टक्के होतो.

तिने ६० व्या वर्षीच पूर्ण निवृत्ती घेतली, तर वार्षिक निवृत्तिवेतन ९०,००० च्या ३० टक्के, म्हणजे २७,००० डॉलर होते. तिने ६२ पर्यंत पूर्णवेळ काम केले, तर ३२ वर्षांना १.१ टक्के दराने ३१,६८० डॉलर मिळतात.

आता तिने टप्प्याटप्प्याची निवृत्ती स्वीकारली असे समजू. पहिल्या दिवशी देय असलेल्या २७,००० चा अर्धा भाग, म्हणजे १३,५०० डॉलर, तिला निवृत्तिवेतन म्हणून सुरू होतो. अर्धे वेतन ४५,००० डॉलर धरता वार्षिक उत्पन्न ५८,५०० डॉलर होते. दोन वर्षांनी पूर्ण निवृत्ती घेताना दुसरा भाग ठरतो. तो काढताना ही दोन वर्षे पूर्णवेळ केली असे मानतात, म्हणजे ३१,६८० डॉलरची रक्कम येते, आणि तिचा अर्धा भाग १५,८४० डॉलर घेतात. पहिला व दुसरा भाग मिळून एकूण निवृत्तिवेतन २९,३४० डॉलर होते. ही रक्कम २७,००० आणि ३१,६८० यांच्या बरोबर मध्यावर येते. यातच या पद्धतीचे सूत्र स्पष्ट होते : कर्मचारी अर्धी निवृत्त व अर्धी सेवेत असल्याने दोन्ही स्थितींचा अर्धा-अर्धा लाभ तिला मिळतो.

याची तुलना निवृत्तिवेतन न घेता केलेल्या सामान्य अंशकालीन सेवेशी केली पाहिजे. तेथे ३२ वर्षांपैकी दोन वर्षे अर्धवेळ असल्याने ३१ वर्षांचे श्रेय धरले जाते. पूर्णवेळ दराचे सरासरी वेतन ९०,००० आणि दर १.१ टक्के घेता निवृत्तिवेतन ३०,६९० डॉलर येते. म्हणजे अंतिम निवृत्तिवेतन १,३५० डॉलरने अधिक आहे. पण त्या दोन वर्षांत हाती आले असते ते २७,००० डॉलर तिने गमावलेले असतात. वार्षिक १,३५० च्या फरकाने ते भरून येण्यास २० वर्षे, म्हणजे ८२ वर्षे वयापर्यंतचा काळ लागेल. यावरून निर्णयाचे गमक अंतिम निवृत्तिवेतनाची रक्कम एकटी नसून तिच्यासोबत मधल्या काळातील प्राप्तीही असते, हे दिसून येते.

आकारणीत लक्षात घ्यावयाच्या बाबी

शिल्लक आजारी रजेची मोजणी हे सहज चुकणारे स्थान आहे. टप्प्याच्या आरंभी या रजेचे श्रेय मिळत नाही. ते पूर्ण निवृत्तीच्या वेळी मिळते. परंतु तेथे दुसरा भाग अर्धा केला जात असल्याने रजेचेही मूल्य अर्धे होण्याचा धोका होता. म्हणून शिल्लक तासांना कामाच्या प्रमाणाने, म्हणजे निम्म्याने भागतात. ५०० तासांची रजा १,००० तास धरली जाते व नंतर अर्धी होऊन मूळ मूल्यावर येते. हिशेबपत्रात ही वाढ दिसत नसेल, तर रजेचे श्रेय निम्मे गेले असे समजावे.

दुसरी बाब विम्याची. सामान्य अंशकालीन कर्मचाऱ्यासाठी आरोग्यविम्याच्या हप्त्यातील शासनाचा वाटा कामाच्या प्रमाणात घटतो. टप्प्याटप्प्याच्या निवृत्तीत मात्र आरोग्यविमा व जीवनविमा यांच्यापुरते त्यास पूर्णवेळ कर्मचारी मानले जाते.

तिसरी बाब अशी की, निवृत्तिवेतनाशिवायचे दोन आधार प्रत्यक्ष वेतनावरच चालतात. सामाजिक सुरक्षेचा लाभ सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरतो आणि 'थ्रिफ्ट सेव्हिंग्ज प्लॅन'मधील अंशदान अर्ध्या वेतनाच्या प्रमाणात घटते. तसेच वय ६२ पर्यंत मिळणारे विशेष पूरक वेतन टप्प्याच्या काळात देय नसते.

या पर्यायाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो कर्मचाऱ्याचा हक्क नाही. विभागाची लेखी संमती लागते. पूर्णवेळ सेवेत परतता येते, मात्र त्यासाठीही संमती लागते, आणि एकदा परतल्यावर पुन्हा या व्यवस्थेत येता येत नाही. त्यामुळे ही व्यवस्था फारच थोड्यांनी स्वीकारली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ ज्यांना लागू आहेत, त्यांचे निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाशी निगडित, सामान्यतः त्याच्या निम्मे असते. समजा, १,००,००० रुपये वेतन असलेल्या प्राध्यापकास अखेरची दोन वर्षे अर्धवेळ काम करण्याची मुभा दिली आणि निवृत्तिवेतन प्रत्यक्ष मिळणाऱ्या ५०,००० रुपयांवर काढले, तर ते ५०,००० ऐवजी २५,००० रुपये होईल. दोन वर्षांच्या विश्रांतीची किंमत उर्वरित आयुष्यभर मोजावी लागेल. पूर्णवेळ दर धरून केवळ सेवेचे श्रेय कमी केले, तर ३२ वर्षांच्या सेवेत घट ३२ भागांपैकी एका भागाची, म्हणजे सुमारे १,५६० रुपयांची असेल. अंशदानावर चालणाऱ्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत हा प्रश्न वेगळा होतो. तेथे अर्ध्या वेतनावर अंशदान अर्धे होते, परंतु आधी जमा झालेल्या रकमेस धक्का लागत नाही.

समारोप

अर्धवेळ काम आणि निवृत्तिवेतन यांच्यातील संघर्ष अटळ नाही. तो वेतनाचा दर व सेवेचे श्रेय या दोन्हींत एकाच वेळी कपात केल्याने निर्माण होतो. अमेरिकेतील १९८६, २००९ आणि २०१२ चे टप्पे हे दोन घटक क्रमाक्रमाने वेगळे करण्याचा इतिहास आहेत. अशी सवलत आपल्याकडे कधी प्रस्तावित झाली, तर तिच्या मसुद्यात प्रथम पाहावयाची बाब एकच राहील : अर्धवेळ काळातील वेतन हिशेबासाठी कोणत्या दराने धरले आहे.