दुसऱ्या प्रश्नापर्यंत टिकणारं उत्तर

मोबाइलवर नोकरीविषयी काही शोधायला सुरुवात केली की एक चित्रमाला हमखास समोर येते. पहिल्या चौकटीत मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न असतो. बोटाने पुढे सरकवलं की लाल फुलीखाली कच्चं उत्तर, आणखी सरकवलं की हिरव्या खुणेखाली पक्कं उत्तर. अशा सरकत्या पोस्टला कॅरोसेल म्हणतात.

त्यातला नेहमीचा नमुना घेऊ. प्रश्न : 'कामातली एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली?' कच्चं उत्तर : 'मी मेहनती आहे, अडचणींना घाबरत नाही, सगळ्यांना सोबत घेऊन मार्ग काढतो.' पक्कं उत्तर : 'आमच्या विभागात रिजेक्शन जास्त होतं. मी आकडेवारी गोळा केली, मूळ कारण शोधलं, उपाय सुचवला आणि रिजेक्शन तीस टक्क्यांनी कमी झालं.'

दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा बरं आहे, यात वाद नाही. पहिल्यात घडलेलं असं काहीच नाही. ते कुणीही, कुठल्याही नोकरीसाठी म्हणू शकेल. पण हिरव्या खुणेचं उत्तर पाठ करून गेलेला उमेदवार बहुधा पुढच्याच प्रश्नाला अडकतो. 'कसली आकडेवारी?'

असे जोड मुलाखत घेणाऱ्यांच्या कागदांत फार पूर्वीपासून आहेत. अमेरिकेत गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली मुलाखतीची एक पद्धत मांडली. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक प्रश्नाला कच्चं, मध्यम आणि उत्तम उत्तर कसं असेल, हे आधीच लिहून ठेवायचं. त्यांना अनुक्रमे 1, 3 आणि 5 गुण. त्यातला एक प्रश्न असा होता : जोडीदार आणि दोन्ही मुलं सर्दीने अंथरुणावर आहेत, त्यांच्याकडे बघायला दुसरं कुणी नाही आणि तीन तासांनी तुमची पाळी सुरू होते, काय कराल? घरी थांबेन, याला 1 गुण. साहेबांना फोन करून परिस्थिती सांगेन, याला 3. नुसती सर्दीच आहे, कामावर येईन, याला 5. माणूस म्हणून मला मधलं उत्तर आवडतं, पण तिथे पाळीला माणूस हजर असणं मोलाचं होतं. म्हणजे पक्कं उत्तर कुठलं, हे ते काम ठरवतं. कॅरोसेलवर कामाचा पत्ताच नसतो.

पुढे 1982 मध्ये टॉम जॅन्झ यांनी वेगळी वाट सुचवली. 'काय कराल' असं विचारलं की माणूस शोभेलसं बोलतो, म्हणून 'काय केलंत' असं विचारायचं आणि त्याच प्रसंगात खोल शिरत जायचं. आज 'एखादा प्रसंग सांगा' म्हणून जे विचारलं जातं, ते याच घराण्यातलं. या पद्धतीत पहिल्या उत्तराने फक्त दार उघडतं; मुलाखत घेणारा निर्णय करतो तो नंतरच्या दोन-तीन प्रश्नांवर. तेवढंच कॅरोसेलमध्ये नसतं.

आता तोच रिजेक्शनचा प्रश्न चाकणसारख्या औद्योगिक भागातल्या गुणवत्ता तपासनिसाच्या जागेसाठी विचारला आहे, असं धरू. उमेदवार मेकॅनिकल डिप्लोमाचा, सहा महिने एका वर्कशॉपमध्ये प्रशिक्षणाला होता. त्याचं उत्तर असं असू शकतं :

'आमच्याकडे सीएनसी लेथवर 25 मिलिमीटरचे स्टीलचे शाफ्ट निघायचे. पाळीला दोनशेच्या आसपास नग, त्यात आठेक बाद. बहुतेक नग बारीक निघालेले, म्हणजे भंगारच. तपासणीच्या नोंदवहीत माप लिहीत, वेळ लिहीत नसत. मी आठवडाभर प्रत्येक मापापुढे वेळ टाकली. बाद नगांपैकी पाच-सहा सकाळच्या पहिल्या तासातले होते. रात्रपाळी नव्हती, मशीन थंड असायचं आणि ऑफसेट आदल्या दिवशी तापलेल्या मशीनवर लावलेला. मी सुपरवायझरना तक्ता दाखवला. पहिला नग लावण्याआधी वीसेक मिनिटं मशीन रिकामं चालवायचं, असं त्यांनी ठरवलं. ऑपरेटरची तक्रार होती की उत्पादन घटेल, म्हणून आधी एकाच मशीनवर करून पाहिलं. बाद नग दोन-तीनवर आले.'

हे बोलायला मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. चौकटीत मावत नाही, म्हणून कॅरोसेलवाले त्याचा अर्क काढतात आणि नेमकी उपयोगाची गोष्ट गाळली जाते. इथे ती आहे वेळेचा रकाना. 'आकडेवारी गोळा केली' या तीन शब्दांमागे काय होतं ते त्यानेच कळतं.

आता खोदकाम. 'टूल झिजल्यामुळे नसेल कशावरून?' काम केलेला मुलगा सांगतो की टूल झिजलं तर बाहेरचा व्यास वाढत जातो आणि आपोआप पूर्ववत होत नाही. इथे नग बारीक होते आणि तासाभराने माप आपसूक जागेवर येत होतं. 'माप गरम नगाचं घेत होतात का?' हा प्रश्न मला फार आवडतो. 25 मिलिमीटरचा स्टीलचा शाफ्ट 20 अंशांनी जास्त गरम असेल, तर मायक्रोमीटरवर सुमारे 6 मायक्रॉन जाड दिसतो. एच-सात बसणीच्या शाफ्टला एकूण सूटच 21 मायक्रॉनची, तेव्हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. 'सुरुवातीला गरमच मोजत होतो, नंतर ट्रेमध्ये थंड होऊ दिले' असं साधं उत्तरही इथे चालतं. 'त्याचा विचार केला नव्हता' हेही चालतं. घाईने रचलेलं उत्तर चालत नाही, कारण समोरचा माणूस बहुधा त्याच मशीनपाशी वाढलेला असतो.

आणखी एक हमखास प्रश्न : 'यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?' आपल्याकडची मुलं मीपणा नको म्हणून सगळं 'आम्ही'मध्ये सांगतात, तर कॅरोसेलवर पोसलेली मुलं सुपरवायझरचा निर्णयही स्वतःच्या नावावर घालतात. वरच्या उत्तरात वाटणी स्पष्ट आहे : नोंद आणि तक्ता त्याचा, निर्णय वरिष्ठांचा, आक्षेप ऑपरेटरचा. प्रशिक्षणार्थ्याने मशीनची कार्यपद्धत एकट्याने बदलली, असं ऐकलं तर मुलाखत घेणाऱ्याला त्याची भीतीच वाटेल.

तीस टक्क्यांचंही तसंच. टक्का सांगितला की मूळ आकडा विचारला जातो आणि किती दिवसांचं मोजमाप, तेही. 'आठावरून दोन-तीन, एका मशीनवर' हे कानाला लहान वाटतं, पण पडताळता येतं.

कॅरोसेल वापरायचाच, तर हिरवी चौकट झाकून ठेवावी. प्रश्न वाचावा, स्वतःचा प्रसंग मोठ्याने सांगावा आणि त्या कामातल्या कुणाला तरी, आयटीआयचे सर असोत की कारखान्यात असलेला मामा, मध्येच अडवून 'म्हणजे नक्की काय?' असं तीनदा विचारायला सांगावं. तिसऱ्या वेळी सांगायला काही उरलं नाही, तर प्रसंग बदलावा. कारखान्यातला अनुभव नसेल, तर कॉलेजच्या प्रोजेक्टमधला न चाललेला पंपही पुरतो. तो का चालला नाही हे कसं शोधलं, एवढं सांगता आलं पाहिजे.

अर्थात, सगळ्याच मुलाखती अशा होत नाहीत. दिवसभरात शेकडो मुलं तपासायची असतात तिथे कुणी दुसरा प्रश्न विचारतच नाही आणि पाठ केलेली हिरवी चौकट निभावून जाते. मग वेळेच्या रकान्याबद्दलचा प्रश्न रुजू झाल्यावर, पहिल्या बाद नगापाशी उभं राहून विचारला जातो.