छायाचित्रावरून स्प्रेडशीट : पुनर्रचना आणि ताळा

पंचायतीच्या कार्यालयातील संगणक नादुरुस्त होतो, किंवा काम पाहणारा कर्मचारी बदलून जातो, आणि मागील वर्षाच्या करवसुलीचा तक्ता ज्या स्प्रेडशीटमध्ये तयार झाला होता ती मूळ फाइल हाती लागत नाही. उरते ती केवळ छापील प्रत, आणि पुष्कळदा त्या प्रतीचेही भ्रमणध्वनीवर घेतलेले छायाचित्र. नवीन वर्षाचा तक्ता याच नमुन्यावर करावयाचा असतो, म्हणून छायाचित्रावरून स्प्रेडशीट पुन्हा उभी करणे भाग पडते.

हे काम नुसत्या नकलेचे नव्हे. छापील कागदावर आकडे दिसतात, परंतु त्यामागील सूत्रे दिसत नाहीत. बेरीज कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत घेतली, टक्केवारी कशावरून काढली, हे कागद सांगत नाही. ते तर्काने ठरवावे लागते आणि तो तर्क बरोबर आहे की नाही याचा ताळा छापील बेरजांवरूनच घ्यावा लागतो. यास्तव छायाचित्रातील बेरजा या नव्या कामात उतरवून घ्यावयाच्या आकड्यांपेक्षा साक्षीदार म्हणून अधिक उपयोगी पडतात.

नमुन्याचा तक्ता

रीत समजण्यासाठी पाच प्रभागांच्या एका पंचायतीचा पुढील तक्ता उदाहरणादाखल घेतला आहे. छायाचित्रात तो असा दिसतो असे समजावे. रकमा रुपयांत आहेत.

| प्रभाग | मागील थकबाकी | चालू मागणी | एकूण मागणी | वसुली | शिल्लक | टक्के |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | १८,४५० | ४२,६०० | ६१,०५० | ४८,८४० | १२,२१० | ८०.० |
| २ | ९,२७५ | ३८,१५० | ४७,४२५ | ३९,९०० | ७,५२५ | ८४.१ |
| ३ | २६,८३० | ५१,२४० | ७८,०७० | ४५,६०० | ३२,४७० | ५८.४ |
| ४ | ६,१२० | २९,८८० | ३६,००० | ३२,४०० | ३,६०० | ९०.० |
| ५ | १४,३६० | ३३,४७० | ४७,८३० | ३१,२५० | १६,५८० | ६५.३ |
| एकूण | ७५,०३५ | १,९५,३४० | २,७०,३७५ | १,६६,७४० | ७२,३८५ | ६१.७ |

स्प्रेडशीटमध्ये प्रभागाचे नाव A रकान्यात, मागील थकबाकी B मध्ये आणि याप्रमाणे टक्केवारी G मध्ये येते. वरच्या तीन ओळी शीर्षकाच्या धरल्यास प्रभाग १ हा चौथ्या ओळीत, प्रभाग ५ हा आठव्या ओळीत आणि एकूण नवव्या ओळीत येईल.

छापलेले वेगळे, मोजलेले वेगळे

या कामातील सर्वात मोठी चूक म्हणजे एकाच पानावर काही आकडे उतरवून घेणे आणि काही सूत्राने काढणे. घाईत छापील बेरीजच बेरजेच्या चौकटीत टंकित केली जाते. पान तंतोतंत मूळ प्रतीसारखे दिसते, परंतु ती बेरीज निर्जीव असते. पुढे एखादी रक्कम बदलली तरी ती हलत नाही. म्हणून तीन पाने करावीत. पहिल्या पानास ‘छाप’ असे नाव द्यावे. त्यात छायाचित्रातील प्रत्येक आकडा, बेरजा व टक्केवारीसह, जसाच्या तसा उतरवावा व तेथे एकही सूत्र घालू नये. दुसरे पान ‘गणित’. त्यात थकबाकी, चालू मागणी आणि वसुली हे पाच प्रभागांचे तीन मूळ रकाने ‘छाप’ पानावरून घ्यावेत व बाकी सर्व सूत्राने काढावे :

```
B4:  ='छाप'!B4
D4:  =B4+C4
F4:  =D4-E4
G4:  =ROUND(E4/D4*100,1)
B9:  =SUM(B4:B8)
G9:  =ROUND(E9/D9*100,1)
```

B9 मधील सूत्र C, D, E आणि F या रकान्यांतही घालावे. तिसरे पान ‘फरक’. त्याच्या प्रत्येक चौकटीत मोजलेल्या आकड्यातून छापलेला आकडा वजा करावा :

```
='गणित'!D4-'छाप'!D4
```

सर्व चौकटींत शून्य आले तर दोन्ही पाने जुळली. जेथे शून्य नाही, तेथे शोध घ्यावयाचा.

फरक पाहण्यापूर्वी आणखी एक खात्री करून घ्यावी. अंकाऐवजी मजकूर म्हणून नोंदली गेलेली रक्कम SUM हे सूत्र मुकाट्याने वगळते, कोणतीही सूचना देत नाही. शून्याऐवजी इंग्रजी ओ हे अक्षर पडले तर असे घडते. म्हणून ‘छाप’ पानावर कोठेही रिकाम्या चौकटीत =COUNT(B4:B8) घालून उत्तर ५ येते का ते पाहावे, व पुढील रकान्यांसाठीही तसेच करावे. ४ आले तर एक रक्कम संगणकाच्या लेखी रक्कमच नाही.

वाचनातील चूक कशी सापडते

छायाचित्रात १ आणि ७, ३ आणि ८, ६ आणि ८ यांत गफलत होण्याचा संभव अधिक असतो. कागदाची घडी व सावली त्यात भर घालते. प्रभाग ३ ची चालू मागणी ५१,२४० ऐवजी ५७,२४० अशी वाचली गेली असे समजू. ‘फरक’ पानावर एकच नव्हे, तर अनेक चौकटी बिघडलेल्या दिसतील, कारण एक चूक पुढील सर्व सूत्रांत पसरते. अशा वेळी गोंधळून न जाता सर्वात डावीकडील बिघाड पाहावा. उभ्या बेरजांत थकबाकीची बेरीज जुळते, परंतु चालू मागणीची बेरीज ६,००० ने अधिक येते. आडव्या ओळींत एकूण मागणी केवळ प्रभाग ३ च्या ओळीत जुळत नाही आणि तेथेही फरक ६,००० चाच आहे. उभा रकाना C आणि आडवी ओळ सहावी. दोघे मिळतात त्या C6 या चौकटीतच चूक आहे. छायाचित्र मोठे करून तो एक आकडा पाहिला की काम भागते.

फरकाचा आकडाही काही सांगत असतो. तो ६,००० सारखा एकाच स्थानाचा असेल तर बहुधा एक अंक चुकला आहे. फरकास ९ ने नि:शेष भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याचा संभव आहे. १४,३६० ऐवजी १४,६३० लिहिल्यास फरक २७० येतो, म्हणजे ९ गुणिले ३०.

मूळ फाइलमध्ये पैसे असून छापताना केवळ रुपये दाखविले असतील तर एक-दोन रुपयांचा फरक राहू शकतो. प्रत्येक ओळीत अधिकात अधिक अर्ध्या रुपयाची तफावत दडते. त्यामुळे पाच ओळींच्या बेरजेत आणि छापलेल्या एकुणात तीन रुपयांपर्यंतचा फरक चूक ठरत नाही. त्याहून मोठ्या फरकाचे कारण शोधलेच पाहिजे.

चूक मूळ प्रतीतच असेल तर

वाचनातील चूक दुरुस्त केल्यावरही या तक्त्यात दोन चौकटी जुळत नाहीत. वसुलीची मोजलेली बेरीज १,९७,९९० येते, छापलेली १,६६,७४० आहे. फरक ३१,२५०. हीच रक्कम प्रभाग ५ च्या वसुलीची आहे. म्हणजे मूळ बेरजेतून शेवटची ओळ सुटली. =SUM(E4:E7) हे सूत्र घालून पाहिले तर छापील आकडा बरोबर मिळतो. प्रभागाची ओळ मागाहून जोडली गेल्यास बेरजेची व्याप्ती वाढविण्याचे असे राहून जाते.

दुसरी चौकट एकूण टक्केवारीची. छापलेली ६१.७, मोजलेली ७३.२. येथे मूळ सूत्र कोणते होते याचा तर्क करता येतो. पाच प्रभागांच्या टक्केवारींची सरासरी घेतली असती तर ७५.६ आले असते. एकूण वसुलीला एकूण मागणीने भागण्याची रीत योग्य, आणि छापील १,६६,७४० ला २,७०,३७५ ने भागले असता ६१.७ च येतात. म्हणजे टक्केवारीचे सूत्र बरोबर होते, त्यास मिळालेली बेरीज मात्र अपुरी होती. एका ओळीच्या विसरामुळे पंचायतीची वसुली कागदोपत्री साडेअकरा टक्क्यांनी कमी दिसली.

वसुली खरोखरच कमी होती आणि प्रभाग ५ ची रक्कमच चुकीची आहे, अशी शंका येथे कोणी घेईल. त्याचे उत्तर तक्त्यातच आहे. प्रभाग ५ ची शिल्लक १६,५८० आहे आणि ती ४७,८३० मधून ३१,२५० वजा केल्यावरच येते. एकूण शिल्लक ७२,३८५ छापली आहे. एकूण मागणीतून ती वजा केली तर १,९७,९९० राहतात. दोन स्वतंत्र साक्षी एकच आकडा सांगतात. तथापि अखेरचा निर्णय पावती पुस्तके व रोकडवही पाहूनच करावा.

अशा प्रसंगी छापील आकड्याशी जुळावे म्हणून सूत्र बिघडवू नये, आणि ‘छाप’ पानावरील आकडाही बदलू नये. ‘छाप’ पान कागदावर काय होते ते सांगते, ‘गणित’ पान काय असावयास हवे होते ते सांगते. दोहोंतील फरक, त्याचे कारण व तारीख फाइलमध्येच लिहून ठेवावी. तक्ता पूर्वीच पंचायत समितीकडे गेला असेल तर दुरुस्ती लेखी कळवावी.

सूत्रांची शेवटची परीक्षा

सर्व फरकांचा उलगडा झाला तरी नवी सूत्रे पुढील वर्षी टिकतील हे सिद्ध होत नाही. त्यासाठी ‘गणित’ पानाची एक प्रत काढून तिच्यात पहिल्या व शेवटच्या प्रभागाच्या वसुलीत प्रत्येकी १०० रुपये मिळवून पाहावे. एकूण वसुली २०० ने वाढली पाहिजे, त्या दोन प्रभागांची शिल्लक प्रत्येकी १०० ने व एकूण शिल्लक २०० ने घटली पाहिजे. एखादी चौकट हलली नाही तर तेथे सूत्राऐवजी टंकित आकडा बसला आहे. कडेच्या ओळी मुद्दाम घ्यावयाच्या, कारण व्याप्ती तेथेच अपुरी पडते.

ताळ्याची मर्यादाही ध्यानात असावी. दोन प्रभागांच्या संपूर्ण ओळींची अदलाबदल झाली तर सर्व बेरजा जुळतात, चूक मात्र राहते. म्हणून एकाने छायाचित्रावरून प्रभागाचे नाव व आकडे मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने पडद्यावर पडताळावेत. त्याचप्रमाणे मूळ प्रतीत थकबाकीच चुकीची नोंदली गेली असेल आणि पुढचे सर्व गणित तीवरूनच झाले असेल, तर कोणतेही सूत्र ती पकडणार नाही. ती मागणी नोंदवहीतच सापडेल.