चित्रांची कोडी : उत्तर एकच निघायला हवे

वर्गात किंवा वाढदिवसाला इमोजींची कोडी घालण्याची आवड हल्ली मुलांमध्ये दिसते. दोन-तीन चित्रे दाखवायची आणि गावाचे किंवा चित्रपटाचे नाव ओळखायला लावायचे. पण पुष्कळदा मुले एकाच वेळी तीन उत्तरे ओरडतात आणि तिन्ही पटण्यासारखी असतात, नाहीतर कोणीच बोलत नाही. कोडे कोणत्या भाषेत वाचायचे हे आधी ठरवले नाही, तर बहुधा असेच होते.

'इमोजी' हा जपानी शब्द आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. कोड्यातले चित्रही अक्षरासारखे वाचायचे असते आणि वाचायचे म्हटले की भाषा आलीच. आपल्या जिल्ह्यांतली नावे घेऊन पाहा. लहान मुलाचे चित्र 👶 मराठीत वाचले तर चंद्रपूर जिल्ह्यातला 'मूल' तालुका सापडतो. उर्दू माध्यमाचे मूल तेच चित्र पाहून 'बच्चा' म्हणेल आणि तिथेच थांबेल. नागभीडचे उलट आहे. साप आणि माणसांची गर्दी 🐍👥 दाखवली, तर उर्दू-हिंदी बोलणारे मूल 'नाग' आणि 'भीड' लगेच जोडते. मराठीत मात्र भीड म्हणजे संकोच, त्यामुळे मराठी मूल 'गर्दी'पाशी अडते. म्हणून प्रत्येक कोड्यावर 'मराठीत वाचा' किंवा 'उर्दूत वाचा' असे लिहावे आणि प्रत्येक गटात दोन्ही माध्यमांची मुले मिसळावीत. मग एका कोड्याला एकाचा कान उपयोगी पडतो, दुसऱ्याला दुसऱ्याचा.

आता 'चंद्रपूर' तयार करू. चंद्र आणि लाट 🌙🌊 हे पहिले सुचते, पण भूगोलात हुशार असलेले मूल 'भरती-ओहोटी' म्हणेल आणि ते चूक ठरवता येणार नाही. लाटेपुढे घर ठेवले, 🌙🌊🏠, की पाणी घरात शिरलेले दिसते. इरईला आलेला पूर पाहिलेल्या मुलांना मग 'पूर' सुचायला वेळ लागत नाही. चित्र वाढवायचे ते दुसरे उत्तर बंद करण्यासाठी, सजावटीसाठी नव्हे. काही नावे पूर्ण चित्रात बसत नाहीत. गडचिरोलीतला 'गड' 🏰 काढता येतो, 'चिरोली' येत नाही. तिथे ओढाताण न करता 🏰+चिरोली असे लिहावे. लहान मुलांसाठी ते चांगले पहिले कोडे होते.

चित्रपटाच्या कोड्याला दोन वाटा आहेत. नावातले शब्द चित्रात येत असतील तर नावच काढावे, जसे 'तारे जमीन पर'साठी ⭐🌍. नाव काढता येत नसेल तर कथा धरावी. 'इक्बाल' हे नाव कसे काढणार? नुसती बॅट 🏏 दाखवली तर 'लगान', '८३' आणि 'इक्बाल' तिन्ही बरोबर ठरतात. 'इक्बाल'चा नायक ऐकू-बोलू न शकणारा गोलंदाज आहे, म्हणून 🧏🏏. 'लगान'मध्ये शेतसाऱ्यासाठी सामना होतो, म्हणून 🌾💰🏏. '८३' विश्वचषकाचा, म्हणून 🏏🏆. इथे एक अडचण येते. कानाकडे बोट नेणारी ती इमोजी २०१९ मध्ये आली, त्यामुळे जुन्या फोनवर तिच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. निरोप पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर उघडून पाहावा, नाहीतर सरळ खडूने फळ्यावर काढावे. फळ्यावरचे चित्र सगळ्यांना सारखेच दिसते.

चित्रपटांच्या फेरीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. काही घरांत चित्रपट पाहिले जात नाहीत, काही पाड्यांवर टीव्हीच नसतो. सगळी कोडी चित्रपटांचीच असली तर ते मूल वीस मिनिटे गप्प बसते, आणि आपल्याला वाटते की त्याला कोडी जमत नाहीत. म्हणून दहा कोड्यांत सहा गावे, प्राणी आणि खाण्याच्या पदार्थांची ठेवावीत. उरलेली चार चित्रपटांची घ्यावीत, तीही शक्यतो शाळेत दाखवलेल्या चित्रपटांची. पहिली तीन कोडी सोपी असावीत आणि सर्वांत अवघड शेवटून दुसरे ठेवावे, म्हणजे शेवट सगळ्यांना येणाऱ्या कोड्याने होतो.

आदल्या दिवशी कोडी दोघांना दाखवावीत, एक मराठी माध्यमाचा आणि एक उर्दू माध्यमाचा. कोडी करताना दोघेही जवळ नसावेत. ज्या भाषेचे कोडे आहे त्या भाषेच्या मुलाला अर्ध्या मिनिटात काहीच सुचले नाही, तर एक चित्र वाढवावे. त्याने दुसरेच उत्तर देऊन प्रत्येक चित्राचा अर्थ नीट लावून दाखवला, तर कोडे बदलावे. प्रत्यक्ष खेळात असे उत्तर आले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत आणि हा नियम खेळ सुरू होण्याआधीच सांगावा. मग उत्तर चुकण्याच्या भीतीने कोणी तोंड मिटून बसत नाही.