वाक्याच्या शेवटी येणारा ‘क्वा’

पॅरिसमध्ये एखाद्याला विचारा, तुझा भाऊ काय करतो? उत्तर असं येऊ शकतं : ‘बँ, इल ए मेदसँ, आंफँ, अँतेर्न, क्वा.’ भाऊ डॉक्टर आहे, म्हणजे रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे, एवढंच त्यातून कळतं. मग उरलेले तीन शब्द कशासाठी?

‘बँ’ हे ‘बिअँ’चं (चांगलं) झिजलेलं रूप. उत्तर द्यायला सुरुवात होतेय, पण ते सरळ एका शब्दात बसणारं नाही, याची ती सूचना. ‘आंफँ’चा कोशातला अर्थ ‘अखेर’. इथे मात्र तो आधीचा शब्द मागे घेतो : डॉक्टर म्हणालो खरं, पण ते नेमकं नव्हे. आपलं ‘म्हणजे’ हेच काम करतं. गोष्ट भरकटली की ‘ब्रेफ’ म्हणून ती आवरती घेतात. इथे त्याची गरज पडली नाही.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो शेवटचा ‘क्वा’. त्याचा मूळ अर्थ ‘काय’, म्हणून नवशिके गोंधळतात आणि प्रश्न समजून उत्तर देऊ लागतात. ओळखायची खूण आवाजात आहे. प्रश्नातला ‘क्वा’ सहसा वर चढतो; हा खाली उतरतो, आधीच्या शब्दाला चिकटून येतो. याहून अचूक शब्द मला सापडत नाही, तुम्ही समजून घ्या, असं तो सांगतो. मित्रांत तो सहज चालतो. नोकरीच्या मुलाखतीत मात्र वारंवार आला तर ढिलाईचा वाटतो.